वायरगार्डची ती एक ओळ

एका लहान कर-सल्लागाराच्या ऑफिसची कल्पना करा. हिशेबाचा सगळा डेटा ऑफिसातल्या एकाच कॉम्प्युटरवर आहे. तो रिमोट डेस्कटॉपने घरून उघडता यावा, म्हणून त्यांनी वायरगार्ड बसवले. आपल्याकडच्या बऱ्याच इंटरनेट जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळत नाही, त्यामुळे बाहेरून थेट ऑफिसच्या राउटरपर्यंत पोचता येत नाही. म्हणून त्यांनी एक छोटा सर्व्हर भाड्याने घेतला. ऑफिसमधले एक छोटे लिनक्स यंत्र त्या सर्व्हरला जोडले आणि काही महिने सगळे सुरळीत चालले. मग एका सहकाऱ्याचा लॅपटॉप जोडायची वेळ आली. सर्व्हरच्या फाइलमध्ये आधीच्या नोंदीखाली तशीच दुसरी नोंद लिहिली, वायरगार्ड पुन्हा सुरू केले. लॅपटॉप सर्व्हरला जोडला गेला, पण त्याच क्षणी ऑफिस तुटले. नोंदींचा क्रम उलटा केला तर ऑफिस परत आले आणि लॅपटॉप गेला.

सर्व्हरवरच्या फाइलमध्ये हे होते:

```
[Peer]
# ऑफिस
PublicKey = ...
AllowedIPs = 10.8.0.2/24

[Peer]
# लॅपटॉप
PublicKey = ...
AllowedIPs = 10.8.0.3/24
```

वरवर पाहता यात काही चुकलेले दिसत नाही. ऑफिसचा पत्ता वेगळा, लॅपटॉपचा वेगळा, किल्ल्याही वेगळ्या. वायरगार्डने कुठली तक्रारही केली नाही. तरी दोष याच दोन ओळींत आहे, आणि तो का आहे हे समजले की वायरगार्डचा निम्म्याहून अधिक भाग समजला असे मी म्हणेन. बाकी किल्ल्या, पोर्ट, पत्ता या गोष्टी एकदा बरोबर लिहिल्या की पुन्हा त्रास देत नाहीत. `AllowedIPs` मात्र प्रत्येक नव्या यंत्राबरोबर पुन्हा नीट वाचावी लागते.

वायरगार्ड हे जेसन डोनेनफेल्ड यांचे काम. मार्च २०२० मध्ये आलेल्या लिनक्सच्या ५.६ या आवृत्तीपासून ते थेट कर्नलचा भाग आहे. त्याचा गाभा अगदी लहान ठेवलेला आहे: वापरकर्ता नाव नाही, पासवर्ड नाही, लॉगिन नाही. समोरच्या प्रत्येक यंत्राची, म्हणजे ‘पीअर’ची, एक सार्वजनिक किल्ली आणि त्या किल्लीच्या नावावर लिहिलेले काही आयपी पत्ते, एवढेच. किल्ली आणि पत्ते यांच्या या जोड्यांचा एक तक्ता वायरगार्ड स्वतःजवळ ठेवते. `AllowedIPs` ही त्या तक्त्यातली ओळ होय.

हा तक्ता कोणत्या पत्त्यांचा आहे, हे आधी स्पष्ट करायला हवे. वायरगार्डमधून जाणारे प्रत्येक पॅकेट म्हणजे एका पाकिटात बंद केलेले दुसरे पाकीट असते. बाहेरच्या पाकिटावर इंटरनेटवरचे खरे पत्ते असतात: तुमच्या घरच्या जोडणीचा आणि भाड्याच्या सर्व्हरचा. आतल्या पाकिटावर खासगी जाळ्याचे पत्ते असतात, जसे `10.8.0.3` कडून `10.8.0.1` ला. `AllowedIPs` चा संबंध फक्त आतल्या पाकिटाशी आहे. लॅपटॉप घरच्या वायफायवरून आला, मोबाइलच्या डेटावरून आला की स्टेशनवरच्या वायफायवरून, याची या ओळीला दखल नाही. त्यामुळे ‘फक्त माझ्या घरच्या इंटरनेट पत्त्यावरूनच जोडता यावे’ या हेतूने कोणी सर्व्हरवर इथे घरचा सार्वजनिक पत्ता लिहिला, तर तो बंदोबस्त होत नाहीच. उलट सर्व्हरला वाटते की तो पत्ता टनेलच्या पलीकडे राहतो, आणि त्या पत्त्याला जाणारी पॅकेटे तो लॅपटॉपच्या किल्लीने बंद करू पाहतो.

आता तक्ता वाचला कधी जातो ते पाहू. सर्व्हरला एक पॅकेट वायरगार्डमधून बाहेर पाठवायचे आहे. वायरगार्ड आतल्या पाकिटावरचा पोचण्याचा पत्ता पाहते, तक्त्यात तो कोणाच्या नावावर आहे ते शोधते आणि त्या पीअरच्या किल्लीने पॅकेट बंद करून त्याच्याकडे रवाना करते. म्हणजे जाताना ही ओळ ‘हे कोणाला द्यायचे’ हे ठरवते. पत्ता कोणाच्याच नावावर नसेल तर पॅकेट तिथेच संपते.

येताना तोच तक्ता दुसऱ्या बाजूने वाचला जातो. पॅकेट आले, ते एखाद्या किल्लीने उघडले, म्हणजे कोणाकडून आले हे निश्चित झाले. मग वायरगार्ड आतल्या पाकिटावर पाठवणाऱ्याचा कोणता पत्ता लिहिला आहे ते बघते आणि तो पत्ता तक्त्यात याच पीअरच्या नावावर आहे का, हे तपासते. असेल तर पॅकेट पुढे जाते. नसेल तर ते टाकून दिले जाते, मग किल्ली कितीही खरी असो. ते कुठे निघाले होते, म्हणजे पोचण्याचा पत्ता काय होता, हे या तपासणीत बघितलेच जात नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

एकाच तक्त्यातून दोन्ही प्रश्न सुटायचे तर एक अट आपोआप येते: एका इंटरफेसवर एक पत्ता एकाच पीअरच्या नावावर असू शकतो. `10.8.0.3` दोघांच्या नावावर असेल तर त्याचे पॅकेट कोणाच्या किल्लीने बंद करायचे? म्हणून वायरगार्डचा नियम असा की तोच पत्त्यांचा पट्टा दुसऱ्या पीअरला दिला, तर तो पहिल्याकडून निघून दुसऱ्याकडे जातो. यात चूक दाखवणारा संदेश येत नाही, कारण एका पीअरचा पत्ता दुसऱ्याला देणे हे वायरगार्डच्या दृष्टीने नेहमीचे काम आहे.

ऑफिसच्या फाइलमधला दोष आता दिसू लागतो. `/24` याचा अर्थ पहिले तीन आकडे ठरलेले आणि चौथा कोणताही, म्हणजे २५६ पत्त्यांचा पट्टा. `/32` म्हणजे नेमका एकच पत्ता. `10.8.0.2/24` असे लिहिले की वायरगार्ड शेवटचा आकडा गाळून ते `10.8.0.0/24` असे नोंदवते. `10.8.0.3/24` चेही तेच होते. म्हणजे दोन्ही नोंदींनी अख्खा पट्टाच मागितला आणि ज्याची नोंद शेवटी वाचली गेली त्याला तो मिळाला. एकच पीअर होता तोवर पट्टा त्याच्याकडेच राहायचा, म्हणून इतके महिने काही बिघडले नव्हते.

ही चूक इतकी सर्रास का होते, याचे कारण फाइलमध्येच आहे. प्रत्येक यंत्राच्या स्वतःच्या विभागात `Address = 10.8.0.2/24` असे लिहिणे बरोबरच असते, कारण तिथे ‘माझा पत्ता हा, आणि माझे जाळे एवढे’ असे सांगायचे असते. तीच ओळ डोळ्यांसमोर ठेवून माणूस सर्व्हरच्या पीअर विभागात लिहितो. तिथे मात्र प्रश्न वेगळा असतो: या किल्लीच्या मागे कोणकोणते पत्ते राहतात? एका लॅपटॉपमागे एकच पत्ता राहतो, म्हणून `/32`.

सर्व्हरवर `wg show` ही आज्ञा दिली असती तर दोष मिनिटभरात सापडला असता:

```
peer: (ऑफिसची किल्ली)
  latest handshake: 40 seconds ago
  allowed ips: (none)

peer: (लॅपटॉपची किल्ली)
  latest handshake: 12 seconds ago
  allowed ips: 10.8.0.0/24
```

फाइलमध्ये काय लिहिले आहे यापेक्षा चालू वायरगार्डने काय नोंदवले आहे ते आधी पाहावे, हा माझा ठाम आग्रह आहे. इथे `(none)` दिसले की आणखी शोधायची गरज राहत नाही. आणि ऑफिसचा हँडशेक ताजा असल्याचेही बघा. हँडशेक म्हणजे दोन यंत्रांनी एकमेकांच्या किल्ल्या ओळखणे. त्यात आतले पाकीट नसतेच, त्यामुळे `AllowedIPs` कितीही चुकीची असली तरी हँडशेक होत राहतो. ‘जोडले गेले आहे, पण काहीच उघडत नाही’ या तक्रारीत संशयाची सुई बहुतेक वेळा याच ओळीकडे न्यावी लागते.

या चुकीचा आणखी एक परिणाम सहज दिसत नाही. त्या काळात सर्व्हरने `10.8.0.2` ला, म्हणजे ऑफिसला, पाठवलेली पॅकेटे लॅपटॉपच्या किल्लीने बंद होऊन लॅपटॉपकडे जात होती. लॅपटॉप ती पुढे पाठवत नसल्याने वाया गेली, पण ती पोचली भलत्याच यंत्राकडे. ही चूक दुरुस्त करणे केवळ सोयीसाठी नाही.

दुरुस्तीनंतर सर्व्हरवरच्या दोन ओळी अशा झाल्या:

```
# ऑफिस
AllowedIPs = 10.8.0.2/32, 192.168.50.0/24
# लॅपटॉप
AllowedIPs = 10.8.0.3/32
```

ऑफिसच्या ओळीत दुसरा पट्टा आला आहे, कारण ऑफिसच्या यंत्रामागे सगळे ऑफिस आहे. त्यांच्या आतल्या जाळ्याचे पत्ते `192.168.50` ने सुरू होतात, वायरगार्डचे यंत्र `192.168.50.2` वर आणि हिशेबाचा कॉम्प्युटर `192.168.50.10` वर आहे. (`192.168.1` टाळले हे शहाणपणाचे. घरोघरचे राउटर तेच पत्ते वापरतात, आणि घर व ऑफिस दोन्हीकडे तेच पत्ते असले तर लॅपटॉपला कोणता कॉम्प्युटर कुठल्या बाजूला आहे हे ठरवता येत नाही.)

आता लॅपटॉपवरून हिशेबाच्या कॉम्प्युटरपर्यंत एक पॅकेट पोचवू या. लॅपटॉपच्या फाइलमध्ये सर्व्हरच्या नावावर `10.8.0.0/24, 192.168.50.0/24` असे लिहिले आहे. लॅपटॉपच्या दृष्टीने त्याला दिसणारा एकच पीअर म्हणजे सर्व्हर, आणि सर्व्हरमागे हे सगळे राहते, म्हणून इथे मोठे पट्टे योग्यच आहेत. एकाच पत्त्याबद्दल तीन यंत्रांवरच्या ओळी वेगवेगळ्या असणार, कारण प्रत्येक ओळ त्या त्या यंत्राच्या जागेवरून लिहिलेली असते. एकाची फाइल दुसऱ्यावर चिकटवून चालत नाही ते यासाठीच.

पॅकेट `10.8.0.3` कडून `192.168.50.10` ला निघाले. लॅपटॉपने ते सर्व्हरच्या किल्लीने बंद केले. सर्व्हरने उघडले, पाठवणारा `10.8.0.3` लॅपटॉपच्याच नावावर आहे हे पाहिले आणि आत घेतले. सर्व्हरवर पॅकेटे पुढे पाठवण्याची परवानगी, म्हणजे `net.ipv4.ip_forward`, चालू आहे. पोचण्याचा पत्ता ऑफिसच्या नावावर सापडला, पॅकेट ऑफिसच्या किल्लीने बंद होऊन निघाले. ऑफिसच्या यंत्राने ते उघडले आणि टाकून दिले.

का? ऑफिसच्या फाइलमध्ये सर्व्हरच्या नावावर फक्त `10.8.0.1/32` होते. ऑफिस जोडले तेव्हा पलीकडे सर्व्हर एकटाच होता, त्यामुळे त्याचा एकच पत्ता लिहिला होता. आता सर्व्हरच्या किल्लीने उघडलेल्या पाकिटात पाठवणारा म्हणून `10.8.0.3` निघाला. सर्व्हरने पॅकेट नुसते पुढे ढकलले आहे, आतला पत्ता बदललेला नाही. ऑफिसच्या तक्त्यात तो पत्ता सर्व्हरच्या नावावर नाही, तेव्हा नियमाप्रमाणे पॅकेट बाद.

हा दोष ओळखायला थोडी चिकाटी लागते, कारण अर्ध्या गोष्टी चालत असतात. सर्व्हरवरून ऑफिसला पिंग जाते. लॅपटॉपवरून सर्व्हरला पिंग जाते. हँडशेक सगळीकडे ताजे. फक्त लॅपटॉप ते ऑफिस एवढेच जात नाही. सर्व्हरवर `tcpdump -ni wg0` लावले तर पॅकेट ऑफिसकडे निघताना दिसते. तीच आज्ञा ऑफिसच्या यंत्रावर दिली तर काहीच दिसत नाही, कारण बाद झालेले पॅकेट इंटरफेसवर यायच्या आधीच टाकलेले असते. त्यामुळे ते वाटेत इंटरनेटवर हरवले असा समज होतो. खरी खूण दुसरीकडे आहे. ऑफिसच्या यंत्रावर `ip -s link show wg0` पाहावे. आलेल्या पॅकेटांच्या रकान्यातला `errors` चा आकडा प्रत्येक पिंगबरोबर वाढत असेल, तर पॅकेटे पोचत आहेत आणि पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून बाद होत आहेत, असे जवळपास नक्की समजावे.

उपाय म्हणजे ऑफिसच्या बाजूला `AllowedIPs = 10.8.0.0/24` लिहिणे. याने दोन्ही दिशा एकदम सुटतात: लॅपटॉपची पॅकेटे आत घेतली जातात आणि उत्तर कोणत्या किल्लीने पाठवायचे तेही ठरते.

इथून पुढचा एक टप्पा वायरगार्डच्या हातात नाही. हिशेबाच्या कॉम्प्युटरने उत्तर दिले `10.8.0.3` ला. त्याला हा पत्ता ओळखीचा नाही, म्हणून त्याने उत्तर नेहमीप्रमाणे ऑफिसच्या राउटरकडे दिले. राउटरलाही तो माहीत नाही, त्याने ते इंटरनेटकडे लोटले आणि ते संपले. ऑफिसच्या राउटरवर ‘`10.8.0.0/24` साठी `192.168.50.2` कडे जा’ असा कायमचा मार्ग लिहावा लागतो. ऑफिसच्या वायरगार्ड यंत्रावरही पॅकेटे पुढे पाठवण्याची परवानगी लागतेच. `AllowedIPs` कितीही वेळा बदलली तरी या दोन गोष्टी तिच्याने होणार नाहीत.

मार्गांचा विषय निघालाच आहे, तर दोन तक्त्यांतला गोंधळ सोडवून टाकू. प्रत्येक यंत्राच्या कर्नलमध्ये स्वतःचा मार्गांचा तक्ता असतो. कोणत्या इंटरफेसमधून बाहेर पडायचे, हे तो ठरवतो: वायफाय की वायरगार्डचा `wg0`. पॅकेट `wg0` मध्ये शिरल्यानंतरच वायरगार्डचा तक्ता ‘कोणाची किल्ली’ हे ठरवतो. बहुतेक लोक वायरगार्ड `wg-quick up wg0` ने सुरू करतात, आणि `wg-quick` सोयीसाठी `AllowedIPs` वाचून तेच पट्टे मार्गांच्या तक्त्यातही लिहिते. त्यामुळे ही ओळ म्हणजेच मार्ग, असे वाटू लागते. पण चालू वायरगार्डला `wg set` ने नवा पट्टा दिला, तर फक्त किल्ल्यांचा तक्ता बदलतो, मार्ग आपोआप येत नाही. शिवाय त्या आज्ञेत दिलेली यादी जुन्या यादीत भर घालत नाही, तिची जागा घेते. ऑफिसच्या पीअरला फक्त नवा पट्टा दिला आणि जुने दोन लिहायला विसरलात तर जुने दोन गेले.

दोन तक्त्यांतला कोणता रिकामा आहे, हे लक्षणांवरून कळते. मार्ग नसेल तर `ip route get 192.168.50.10` या आज्ञेच्या उत्तरात `wg0` ऐवजी वायफायचे नाव दिसते. पॅकेट घरच्या राउटरकडे जाते आणि पुढे नुसती शांतता. मार्ग आहे पण पत्ता कोणत्याही किल्लीच्या नावावर नाही, असे असेल तर लिनक्सवर पिंग स्पष्ट बोलते:

```
ping: sendmsg: Required key not available
```

हा संदेश पाहून लोक किल्ल्या नव्याने तयार करायला बसतात. किल्लीत काही बिघडलेले नसते. या पत्त्यासाठी कोणती किल्ली वापरायची ते लिहिलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. हीच उणीव मधल्या सर्व्हरवर असेल, तर लॅपटॉपला `10.8.0.1` कडून `Destination Host Unreachable` असे उत्तर येते. ते उत्तर कोणी पाठवले तो पत्ता वाचावा, म्हणजे कोणत्या यंत्राची फाइल उघडायची ते कळते.

पट्टे एकमेकांत गुंतले तर अधिक नेमका पट्टा जिंकतो. ऑफिसच्या नावावर `192.168.50.0/24` असताना कोणी दुसऱ्या पीअरच्या नावावर `192.168.50.77/32` लिहिले, तर त्या एका पत्त्याची पॅकेटे दुसऱ्याकडे जातील. आणि ऑफिसमध्ये खरोखर `.77` या पत्त्याचा प्रिंटर असेल, तर त्याची पॅकेटे सर्व्हरवर बाद होऊ लागतील, कारण आता तो पत्ता ऑफिसचा राहिलेला नाही.

सर्वांत मोठा पट्टा म्हणजे `0.0.0.0/0`, अर्थात सगळे पत्ते. लॅपटॉपच्या फाइलमध्ये सर्व्हरच्या नावावर तो लिहिला की सगळे इंटरनेट टनेलमधून जाते. मोबाइल किंवा लॅपटॉपवर हे अगदी रास्त आहे. तीच ओळ सर्व्हरवर एखाद्या लॅपटॉपच्या नावावर लिहिणे मात्र घातक. `wg-quick` त्या ओळीवरून सर्व्हरची सगळी वाहतूक त्या लॅपटॉपकडे वळवते, आणि तुम्ही दूरवरून उघडलेले एसएसएचचे सत्र तिथेच थिजते. भाड्याच्या सर्व्हरवर असे झाले तर भाडे घेणाऱ्या कंपनीच्या पानावरून कन्सोल उघडण्यावाचून मार्ग उरत नाही. आणखी एक: `0.0.0.0/0` मध्ये फक्त जुने, आयपीव्ही४चे पत्ते येतात. लिनक्स लॅपटॉपला घरच्या जोडणीवर आयपीव्ही६ मिळत असेल आणि `::/0` लिहिले नसेल, तर आयपीव्ही६वर असलेली संकेतस्थळे टनेलच्या बाहेरून उघडत राहतात. ब्राउझर काही सांगत नाही. `::/0` बरोबरच टनेलला स्वतःचे आयपीव्ही६ पत्तेही द्यावे लागतात.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. ऑफिसच्या मालकांना वाटले, सहकाऱ्याने फक्त हिशेबाचा कॉम्प्युटर उघडावा, बाकी जाळ्यात शिरू नये. म्हणून सहकाऱ्याच्या लॅपटॉपवरच्या फाइलमध्ये `192.168.50.0/24` काढून `192.168.50.10/32` लिहिले. तपासून पाहिले, खरोखरच बाकीचे काही उघडेना, आणि काम झाले असे धरले.

हे कुलूप नाही. ती फाइल सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर आहे. त्याने ती उघडून `/32` च्या जागी पुन्हा `192.168.50.0/24` लिहिले की सगळे ऑफिस पुन्हा दिसू लागते. सर्व्हर अडवणार नाही, कारण येताना होणाऱ्या तपासणीत फक्त पाठवणाऱ्याचा पत्ता बघितला जातो, पोचण्याचा नाही. लॅपटॉपवरची ओळ लॅपटॉप स्वतः काय पाठवेल ते ठरवते. लॅपटॉपला काय पाठवू द्यायचे, हे ती ठरवत नाही. कित्येक ठिकाणी बाहेरच्या कामगारांना अशी फाइल देऊन जाळे सुरक्षित झाले असे मानले जाते, म्हणून हे स्पष्टपणे लिहीत आहे.

मग सर्व्हरवर ऑफिसच्या नावावरचा पट्टा लहान करून `192.168.50.10/32` केला तर? हे चालते, आणि सहकाऱ्याला ते बदलताही येत नाही. सर्व्हरला बाकीचे पत्ते कोणाच्याच नावावर सापडणार नाहीत, पॅकेट तिथेच थांबेल. पण हा निर्बंध सगळ्यांवर सारखाच लागतो. मालक स्वतः घरून प्रिंटर किंवा कॅमेरे पाहू शकणार नाहीत. आणि त्या एका कॉम्प्युटरवरचे सगळेच पोर्ट उघडे राहतात, कारण या ओळीला पोर्ट ठाऊकच नाहीत. कोणी, कुठे आणि कोणत्या पोर्टवर जायचे, हे ठरवायला सर्व्हरवर फायरवॉल लागते:

```
iptables -A FORWARD -i wg0 -m conntrack --ctstate ESTABLISHED,RELATED -j ACCEPT
iptables -A FORWARD -i wg0 -s 10.8.0.3 -d 192.168.50.10 -p tcp --dport 3389 -j ACCEPT
iptables -A FORWARD -i wg0 -j DROP
```

पहिली ओळ आधीच सुरू झालेल्या संवादाची उत्तरे जाऊ देते. दुसरी ओळ `10.8.0.3` ला हिशेबाच्या कॉम्प्युटरवर फक्त रिमोट डेस्कटॉपच्या ३३८९ या पोर्टवर जाऊ देते. तिसरी बाकी सगळे अडवते. मालकांच्या यंत्रासाठी तिसरीच्या आधी त्यांच्या पत्त्याची वेगळी ओळ घालावी. सर्व्हरमार्फत इंटरनेट वापरणारा मोबाइल असेल, तर त्याचीही, नाहीतर त्याचे इंटरनेट बंद पडेल. हे नियम सर्व्हरमधून पुढे जाणाऱ्या पॅकेटांचे आहेत. सर्व्हरवर चालणाऱ्या सेवांसाठी `INPUT` चे नियम वेगळे लिहायचे.

आणि इथे `AllowedIPs` चे खरे मोल दिसते. एरवी फायरवॉलमध्ये पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर विसंबणे धोक्याचे असते, कारण पत्ता कोणीही खोटा लिहू शकतो. `wg0` वर तसे होत नाही. सहकाऱ्याने स्वतःचा पत्ता बदलून मालकांचा `10.8.0.4` लावला, तर पॅकेट त्याच्याच किल्लीने उघडेल, तक्त्यात `10.8.0.4` दुसऱ्या किल्लीच्या नावावर दिसेल आणि फायरवॉलपर्यंत पोचायच्या आधीच ते बाद होईल. म्हणून वरच्या नियमातले `-s 10.8.0.3` हे केवळ पत्ता राहत नाही, ती एका विशिष्ट किल्लीची ओळख होते. अर्थात सर्व्हरवरच्या ओळी `/32` असल्या तरच. तिथे सैल पट्टा लिहिला की ज्याच्या नावावर तो पट्टा आहे त्याला त्यातला कोणताही मोकळा पत्ता लावता येतो आणि फायरवॉलचा आधार गेला.

ओळख होते ती मात्र किल्लीची. लॅपटॉप ज्याच्या हाती, किल्ली त्याच्या हाती. लॅपटॉप चोरीला गेला तर सर्व्हरवर ताबडतोब तो पीअर काढावा:

```
wg set wg0 peer <लॅपटॉपची सार्वजनिक किल्ली> remove
```

नुसती `AllowedIPs` रिकामी केली तरी डेटा थांबतो, पण हँडशेक होत राहतो आणि ती किल्ली ओळखीची म्हणून नोंदलेली राहते. म्हणून पीअरच काढावा. ही आज्ञा चालू वायरगार्डपुरतीच असते. `/etc/wireguard/wg0.conf` मधला तो विभागही त्याच बैठकीत खोडावा, नाहीतर सर्व्हर पुढच्या वेळी सुरू होताना चोरीचा लॅपटॉप पुन्हा जाळ्यात येईल.